ब्रास म्हणजे नेमकं किती? स्लॅब अर्ध्यात थांबला तेव्हा कळलेला हिशोब

मंडळी, ही पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरचं बांधकाम चालू आहे किंवा येत्या वर्षात काढायचं आहे, त्यांनी सवडीने पूर्ण वाचा. निम्म्यावर सोडू नका, कारण आमच्या दाजींचा स्लॅबही निम्म्यावरच थांबला होता.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ताईच्या घराचा स्लॅब होता. सकाळी सातला नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला, माणसं लाईनीत उभी राहिली. दुपारी अडीचला मुकादम खाली आला आणि म्हणाला, "शेठ, खडी संपली." वर अजून एक खोली उघडी होती. साधारण दहा बाय अकराची. दाजींना काही कळेना. अडीच ब्रासच्या दोन गाड्या टाकलेल्या, म्हणजे पाच ब्रास. आणि मुकादमानेच आदल्या आठवड्यात सांगितलेलं की सव्वाचार ब्रास लागेल. मग पाऊण ब्रास उरायला पाहिजे होती, उलट कमी कशी पडली?

फोनाफोनी झाली, तिसरी गाडी यायला साडेपाच वाजले. तोवर आधीचं काँक्रीट धरून बसलं होतं. जुन्या आणि नव्या काँक्रीटचा जोड राहिला. पहिल्या पावसात नेमकी त्याच रेषेवर छताला ओल आली. आता दरवर्षी तिथे केमिकल मारणं आलं.

मी पत्रकार माणूस, इंजिनिअर नाही. पण वाळूवर बातम्या करता करता पंधरा-सोळा वर्षं गेली. ब्रास, घनमीटर, टन हे शब्द शेकडो वेळा छापले. आणि खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत हातात टेप घेऊन एकदाही गाडी मोजली नव्हती. तिसरी गाडी आली तेव्हा मात्र हौद्यावर चढलो.

आधी ब्रास समजून घेऊ. ब्रास म्हणजे शंभर. वाळू, खडी, मुरूम, दगड असा ढिगाचा माल असेल तर १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच एवढा ढीग. पण प्लास्टर, फरशी, रंग यात तोच ब्रास १०० चौरस फुटांचा होतो, तिथे उंचीचा संबंध नाही. दाजींचा पहिला गोंधळ इथेच झालेला. सेंट्रिंगवाला म्हणायचा, "दहा ब्रासचा स्लॅब आहे." मुकादम म्हणायचा, "सव्वाचार ब्रास खडी." दाजींना वाटायचं दोघांतला एक चुकतोय. दोघंही बरोबर होते. एक क्षेत्रफळ सांगत होता, दुसरा घनफळ.

आता गाडीवर या. सहा चाकी टिपर होता. हौद्याची आतली लांबी ११ फूट, आतली रुंदी साडेसहा फूट. आतली म्हणतोय, कारण बाहेरून टेप लावली की पत्र्याची जाडी आणि पट्ट्या आपल्या खात्यात मोजल्या जातात. पुरवठादाराचा हिशोब असा की हौद्याची उंची साडेतीन फूट, म्हणून ११ × ६.५ × ३.५ म्हणजे २५० घनफूट, अडीच ब्रास. हिशोब बरोबर आहे, पण हौदा काठोकाठ, चारी कोपऱ्यांत भरलेला असेल तरच. आमच्या गाडीत मधे मस्त उंचवटा होता, रस्त्यावरून बघणाऱ्याला गाडी भरून वाहतेय असं वाटावं. वर चढल्यावर दिसलं की चारी कोपरे खोल बसलेत.

एक लोखंडी सळई घेतली आणि पाच ठिकाणी तळापर्यंत खुपसली. वाळूत ती सहज जाते, खडीत जरा हलवत हलवत घालावी लागते. मधे ३ फूट ४ इंच. चारी कोपऱ्यांत २ फूट ६ इंच. पाचही मापं इंचात मिळवली तर १६०, भागिले पाच, ३२ इंच. म्हणजे सरासरी खोली २ फूट ८ इंच.

इथे एक चूक होते, ती मी स्वतः केली, म्हणून सांगतो. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मी २.८ दाबलं. पण फुटात दहा इंच नसतात, बारा असतात. ८ भागिले १२ म्हणजे ०.६७. २ फूट ८ इंच म्हणजे २.६७ फूट. आणि जिथे २ फूट ११ इंच येतं तिथे लोक २.११ लिहितात, खरं ते २.९२ आहे. पहिल्या चुकीत पुरवठादाराचा फायदा, दुसऱ्या चुकीत आपल्यावर उगाच भांडणाची वेळ. म्हणून आधी सगळं इंचात घ्या आणि शेवटी बाराने भागा.

तर ११ × ६.५ × २.६७ म्हणजे १९१ घनफूट. १.९ ब्रास. पावतीवर अडीच.

सकाळच्या दोन गाड्या मोजलेल्या नव्हत्या, पण गाडी तीच, ड्रायव्हर तोच, भरणारं मशीनही तेच. तशाच भरल्या असतील तर पाचच्या जागी ३.८ ब्रास आली. लागणार होती ४.२. कमी पडली ०.४ ब्रास. आता गंमत बघा. पाच इंची स्लॅबला ०.४ ब्रास खडीत जेवढं काँक्रीट होतं, ते सुमारे एकशे दहा-पंधरा चौरस फूट भरतं. म्हणजे बरोबर ती उघडी राहिलेली खोली. खडी कुणी चोरून नेली नव्हती, ती आलीच नव्हती.

ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, रस्त्यात माल खाली बसतोय." त्याचं अगदीच खोटं नाही. खड्ड्यांतून हादरे बसत आलेला माल थोडा बसतोच. पण बसून बसून पंचवीस टक्के कमी होत नाही. आणि दुसरं म्हणजे आपण पैसे आपल्या दारात आलेल्या मालाचे देतो. माप दारातच व्हायला पाहिजे, आणि फाळका उघडायच्या आधी. एकदा ढीग जमिनीवर पडला की मोजणं अवघड आणि वाद घालणं त्याहून अवघड.

दाजींनी ब्रासला ३,००० रुपये दिले होते. गाडीमागे ०.६ ब्रास म्हणजे १,८०० रुपये, तीन गाड्यांचे ५,४०० रुपये. पण पैशांपेक्षा तो जोड जास्त महागात पडला.

आता घनमीटर. सरकारी अंदाजपत्रक घनमीटरमध्ये असतं. तुमचा इंजिनिअर कागदावर घनमीटर लिहितो, पुरवठादार तोंडाने ब्रास सांगतो. मधलं नातं एवढंच आहे की १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, आणि १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. ब्रासला २.८३ ने गुणलं की घनमीटर, घनमीटरला २.८३ ने भागलं की ब्रास. काही जण सोपं पडावं म्हणून ३ धरतात. एका ब्रासला चालून जाईल, पण रस्त्याच्या कामाला शंभर ब्रास मुरूम टाकला आणि ३ ने गुणलं तर १७ घनमीटर हवेतच तयार होतात. २८३ च्या जागी ३००. ग्रामपंचायतीची मोजमापं वाचणाऱ्या मित्रांनी हे लक्षात ठेवा.

ब्रास ते घनमीटर हा आकडा ठाम आहे, बदलत नाही. खरी गडबड टनात आहे. ब्रास ही जागा आहे, टन हे वजन आहे. एका ब्रासात किती टन हे कुठल्याही तक्त्यात एकदाच लिहून ठेवता येत नाही, कारण ते मालावर आणि पाण्यावर अवलंबून असतं. सरकारने २०२३ च्या वाळू धोरणात दर दिला होता ६०० रुपये ब्रास, म्हणजे १३३ रुपये टन. भागून बघा, एका ब्रासला साडेचार टन धरलेत. कोरड्या वाळूला हा आकडा बरोबर बसतो. पण आपल्या दारात कोरडी वाळू कधी येते?

तुमच्या मालाचा आकडा घरच्या बादलीने काढता येतो. बादली काठोकाठ पाण्याने भरा आणि वजन करा, रिकाम्या बादलीचं वजन वजा करा. आमच्या बादलीत १६ किलो पाणी बसलं, म्हणजे ती १६ लिटरची. मग त्याच बादलीत खडी भरा, न ठोकता, वरून फळीने सपाट करा आणि वजन घ्या. २३.२ किलो भरली. २३.२ भागिले १६ म्हणजे १.४५. झालं, तुमची खडी घनमीटरला १.४५ टन. ब्रासला २.८३ ने गुणा, ४.१ टन. किराणा दुकानातला काटाही या कामाला चालतो.

हा आकडा हातात असला की काट्याची पावती बोलायला लागते. आमची तिसरी गाडी मी गावाबाहेरच्या वजनकाट्यावर भरलेली आणि मग रिकामी अशी दोनदा नेली. निव्वळ माल ७,८०० किलो. ७.८ भागिले ४.१ म्हणजे १.९ ब्रास. सळईने जे सांगितलं तेच काट्याने सांगितलं. अडीच ब्रास असती तर सव्वादहा टन भरायला पाहिजे होतं. एक खबरदारी मात्र घ्या. रिकाम्या गाडीचं वजन त्याच दिवशी, त्याच काट्यावर करून घ्या. "गाडीचं रिकामं वजन आम्हाला पाठ आहे" असं कुणी म्हणालं तर त्याचं पाठांतर त्याच्याकडेच राहू द्या.

खडीचं हे असं सरळ आहे. वाळू मात्र बेरकी. नदीची असो नाहीतर क्रश सँड.

आमच्या बादलीत कोरडी वाळू २५.६ किलो बसली, म्हणजे १.६. तीच वाळू दमट केली, हाताला ओलसर लागेल इतकीच, तर तुम्ही म्हणाल पाण्याने वजन वाढेल. वाढलं नाही, कमी झालं. त्याच बादलीत साडेएकवीस किलोच बसली. कारण काय, तर थोड्या पाण्याने कणाभोवती पातळ थर धरतो, कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत, लांब राहतात, आणि वाळू फुगते. पाच टक्के ओलाव्याला वीस-पंचवीस टक्के फुगवटा सहज येतो, बारीक वाळूला त्याहून जास्त. म्हणजे दमट वाळूचा हौदा पूर्ण भरलेला असला, सळईचं माप बरोबर आलं, तरी आत वाळू चार भागच असते. पाचवा भाग नुसती पोकळी. आपण पोकळीचे पैसे देतो.

फुगवटा किती ते काचेच्या सरळ बाटलीत किंवा ग्लासात दिसतं. दमट वाळू १५ सेंटीमीटर भरा. बाहेर काढा, ग्लासात निम्मं पाणी घ्या आणि तीच वाळू पाण्यात हळूहळू सोडा, ढवळून खाली बसू द्या. पूर्ण पाण्यात वाळूचा फुगा उतरतो आणि ती कोरडीइतकीच जागा घेते. आमची १२ सेंटीमीटरवर बसली. कमी झाले ३, भागिले १२, फुगवटा २५ टक्के. मुकादमाने जेवढी ब्रास सांगितली, तेवढ्यावर पंचवीस टक्के जादा मागवायची.

आणि वाळू पाणी गळत आलेली असेल तर? मग उलटं होतं. फुगवटा उरत नाही, पण वजनात पाणी शिरतं. शंभर किलो वाळूमागे पंधरा-वीस किलो पाणीच असू शकतं. अशी वाळू टनावर घेतली तर पाण्याचे पैसे, दमट वाळू ब्रासवर घेतली तर हवेचे पैसे. म्हणून माझा साधा नियम. वाळू दमट असेल तर टनावर घ्या, कारण त्यात पाणी पाच टक्केच असतं. गळत असेल तर ब्रासवर घ्या. ज्याला दोन्ही मापं माहीत आहेत त्याला यातलं कुठलंही निवडता येतं. ज्याला एकच माहीत आहे त्याच्यासाठी निवड दुसराच करतो.

आता हे सगळं जोडून दाजींनी ऑर्डर कशी द्यायला पाहिजे होती ते बघू. मुकादमाचा हिशोब काय होता, तो त्याच्याकडून बसून समजून घेतला.

घर ३० बाय ३४, म्हणजे १,०२० चौरस फूट. पाच इंची स्लॅबचं काँक्रीट ४२५ घनफूट, बीमचं ७५, एकूण ५०० घनफूट. कोरडा माल कालवला की पोकळ्या भरतात आणि आकार घटतो, म्हणून ५०० ला १.५४ ने गुणायचं. ७७० घनफूट कोरडा माल. एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी असं प्रमाण, म्हणजे एकूण साडेपाच भाग. ७७० भागिले साडेपाच, एक भाग १४० घनफूट. सिमेंटच्या पोत्यात सव्वा घनफुटाला जरा कमी बसतं, म्हणून पोती ११४. वाळू २१० घनफूट, २.१ ब्रास. खडी ४२० घनफूट, ४.२ ब्रास. सांडलवंड पाच टक्के धरली तर खडी ४.४ आणि वाळू २.२ ब्रास. ज्यांनी मिक्स डिझाईन करून घेतलंय त्यांनी प्रमाण इंजिनिअरच्या कागदावरून घ्यावं. पुढचा गाड्यांचा हिशोब तोच राहतो.

गाड्या मोजताना प्रत्येक गाडीला दोन मर्यादा असतात हे लक्षात घ्या. एक हौद्यात किती बसतं, आणि दुसरी चाकांवर किती टन घालायला परवानगी आहे. दोन्ही काढायच्या आणि जी आधी संपेल ती धरायची.

२०१८ पासून सहा चाकी ट्रकला मालासकट एकूण १८.५ टन आणि दहा चाकीला २८.५ टन मर्यादा आहे. जुन्या गाड्यांच्या आरसीवर यापेक्षा कमी आकडा असू शकतो. सहा चाकी टिपरचं रिकामं वजन सात टनांच्या आसपास, म्हणजे माल साडेअकरा टन. खडीला हे २.८ ब्रास होतात. पण हौद्यातच अडीच बसते, म्हणजे इथे हौदा आधी संपतो. ४.४ ब्रासला दोन गाड्या, प्रत्येकीत २.२ ब्रास. आता फोनवर "दोन गाड्या पाठवा" म्हणायचं नाही. २२० घनफूट भागिले तळाचं क्षेत्रफळ साडेएकाहत्तर, म्हणजे ३.०८ फूट. सांगायचं, "हौद्यात सगळीकडे सारखी ३ फूट १ इंच खडी पाहिजे, दारात सळई टाकून घेणार आहे." एवढं एक वाक्य बोललात की अर्धं काम होतं.

मधेच कुणी म्हणेल, दोन खेपा कशाला, एक हायवा टाका, सहा ब्रासची गाडी आहे. दहा चाकी हायवाचा १६ घनमीटरचा हौदा काठोकाठ भरला तरी ५.६५ ब्रास होते, सहा नाही. आणि ती खडी भरते २३ टनांवर. गाडी रिकामी ११ टन असेल तर कायद्याने माल साडेसतरा टनच, म्हणजे सव्वाचार ब्रास. इथे वजन आधी संपतं. आपल्याला पाहिजे ४.४. म्हणजे नियमाने चालणारा एका खेपेत पुरवूच शकत नाही, आणि जो पुरवतो तो साडेपाच टन जादा घालून आणतो. "गाडीला इतके" असा भाव विचारला की हाच माणूस स्वस्त वाटतो. नियमाने भरणाऱ्याची गाडी अर्धी दिसते आणि त्याला आपणच लबाड ठरवतो. मग गावात येणारा रस्ता दोन वर्षांत उखडला की पुन्हा मलाच फोन येतो, "पत्रकार, बातमी लावा."

वाळूचा हिशोब याच्यापेक्षा वेगळा येतो. २.२ ब्रास कोरडी म्हणजे २५ टक्के फुगवट्यासह २.७५ ब्रास दमट, वजन साडेदहा टन. वजनाने एका सहा चाकी गाडीत बसते, साडेअकराची परवानगी आहे. पण हौद्यात अडीच ब्रासच मावते. पाव ब्रास बाहेर राहते. ती पाव ब्रास स्लॅबच्या दिवशी दुपारी आठवण्यापेक्षा आदल्या दिवशी ट्रॅक्टरने आणून ठेवलेली बरी.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढी कटकट सामान्य माणसाने का करायची? मीही तेच म्हणतोय. त्याने का करायची?

२००९ चा वैधमापन कायदा सांगतो की मालाचा भाव प्रमाणित मापातच सांगायचा. मीटर, किलो, लिटर. दुकानदाराने शेराने साखर विकली तर त्याला नोटीस येईल. पण हजारो रुपयांचा वाळू-खडीचा व्यवहार रोज ब्रासने होतो, आणि सरकार स्वतःच धोरण काढताना ब्रास लिहितं. २०२५ च्या धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. चांगलं आहे. पण ही पाच ब्रास गावात मोजली जाते ती "एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास" अशी. दहा बाय सहाच्या ट्रॉलीत एक फूट आठ इंच वाळू सपाट भरली तरच ती एक ब्रास होते. सव्वा फूट भरली तर पाऊण. पाच ट्रॉल्यांवर लाभार्थ्याने अंगठा दिला पाच ब्रासचा, आणि घरी आली पावणेचार ब्रास. तीही दमट असेल तर कोरडी तीनच. त्या बाईने तक्रार कुणाकडे आणि कुठल्या आकड्यावर करायची?

ब्रास बंद करा असं मी म्हणत नाही. लोकांच्या तोंडात बसलेला शब्द आहे, तो जाणार नाही, जायची गरजही नाही. माझं म्हणणं पावतीपुरतं आहे. वाळू-खडीच्या प्रत्येक पावतीवर तीन गोष्टी पाहिजेत. हौद्याची आतली लांबी-रुंदी आणि मालाची मोजलेली खोली. त्यावरून आलेले घनमीटर. आणि त्याच दिवसाची वजनकाट्याची निव्वळ टनांची नोंद. हौद्याची आतली लांबी-रुंदी तर गाडीच्या दारावर रंगवूनच टाकावी, एकदाच काम आहे. गौण खनिजाची गाडी पकडायला महसूलची माणसं रात्री रस्त्यावर उभी राहतात, ती राहायलाच पाहिजेत. पण पकडलेल्या गाडीत तरी किती ब्रास होती हे पंचनाम्यात नजर अंदाजाने न लिहिता टेपने मोजून लिहा. दंड त्याच आकड्यावर ठरतो ना?

आणि पुरवठा करणाऱ्या मित्रांनो, रागावू नका. तुमच्यात नीट भरून देणारे आहेत, मला नावानिशी माहीत आहेत. मोजून घेणारं गिऱ्हाईक वाढलं तर फायदा त्यांचाच आहे.

जाता जाता एक. दाजींनी आता वरचा मजला काढायचं ठरवलंय. परवा पुरवठादाराचा माणूस विचारायला आला, "किती ब्रास टाकू?" दाजी काही बोलले नाहीत. आत गेले, टेप आणि सळई घेऊन बाहेर आले आणि ओट्यावर ठेवली. तो माणूस हसला, म्हणाला, "कळलं दाजी, सपाट भरून आणतो."

तुमच्याकडे गाडी मोजल्यावर किती निघाली ते खाली लिहा. हौद्याचं माप आणि पावतीवरचा आकडा, दोन्ही लिहा. पुरवठादाराचं नाव नको, आकडे पुरेत.